मोबाइल नंबर दहाच आकड्यांचा का? आणि अनोळखी नंबर डावीकडून कसा वाचायचा?

‘तुमचा मोबाइल नंबर आता अकरा आकडी होणार’ असा मेसेज मे २०२० च्या अखेरीस अनेकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला. त्याआधी फेब्रुवारी २०१८ मध्ये असाच गाजावाजा झाला होता. तेव्हा आकडा आणखी मोठा होता, तेरा. दोन्ही वेळा बँकेच्या खात्याला, आधारला, गॅसच्या बुकिंगला जोडलेल्या नंबरचं काय होणार, या चिंतेनं लोक हैराण झाले. प्रत्यक्षात आजही आपला नंबर दहाच आकड्यांचा आहे.

हे मेसेज निव्वळ थापा नव्हते. दोन्हींच्या मुळाशी खरे सरकारी कागद होते, पण ते चुकीचे वाचले गेले होते. फोन नंबरात किती आकडे असावेत आणि तो कोणत्या आकड्यानं सुरू व्हावा, यामागे एक साधा हिशेब असतो. तो कळला की अशा बातम्यांमधलं खरं-खोटं ओळखता येतंच, शिवाय स्क्रीनवर आलेला अनोळखी नंबर कुठला असू शकतो आणि कुठला असूच शकत नाही, हेही बऱ्याच अंशी सांगता येतं.

नंबर म्हणजे रस्ता

फोन नंबर हा गाडीच्या नंबरासारखा नुसता ओळखीचा क्रमांक नाही. तो रस्ता सांगणाऱ्या सूचनांसारखा आहे. टेलिफोन एक्स्चेंज तो डावीकडून एकेक आकडा घेत वाचतं आणि प्रत्येक आकड्यागणिक पुढचे पर्याय कमी करत जातं.

भारतातल्या लँडलाइनवरून पहिलाच आकडा ० फिरवला, तर एक्स्चेंजला कळतं की हा कॉल गावाबाहेरचा आहे. दुसराही ० आला, तर तो देशाबाहेरचा आहे. पहिला आकडा १ असेल, तर ही सेवा आहे: ११२ आपत्कालीन मदत, १३९ रेल्वे, १९३० सायबर फसवणुकीची तक्रार. ११२ वर तिसरा आकडा पडताच कॉल लागला पाहिजे. त्यासाठी एक अट पाळावी लागते. ११२ ने सुरू होणारा एकही लांबलचक नंबर कुणाही ग्राहकाला देता येत नाही. दिला, तर एक्स्चेंजला थांबायचं कुठे तेच कळणार नाही.

जगभरच्या नंबर योजनांचा कणा हाच नियम आहे. कोणताही पूर्ण नंबर दुसऱ्या नंबराची सुरुवात असू शकत नाही. अमेरिकेत आपत्कालीन नंबर ९११ आहे, म्हणून तिथे कोणत्याही शहराला ९११ हा एरिया कोड मिळत नाही. चीनमध्ये मोबाइल नंबर अकरा आकडी असून १ ने सुरू होतात. पोलिसांचा ११०, अग्निशमनाचा ११९ आणि रुग्णवाहिकेचा १२० हेही १ नेच सुरू होतात. टक्कर होऊ नये म्हणून तिथल्या मोबाइलचा दुसरा आकडा ३ ते ९ मधलाच असतो.

म्हणजे सुरुवातीचे आकडे ही कुठल्याही देशाची सर्वात महागडी जमीन. सेवेला, गावाबाहेरच्या कॉलला, लँडलाइनला आणि मोबाइलला किती वाटा द्यायचा, हे प्रत्येक देशानं आपापल्या सोयीनं ठरवलं. तिथूनच फरक सुरू झाला.

देशांचे कोड कुणी ठरवले?

देशाचा कोड मात्र देश स्वतः ठरवत नाही. ते काम संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं. १९६० च्या दशकात जगाचे नऊ विभाग पाडले गेले. १ उत्तर अमेरिका, २ आफ्रिका, ३ आणि ४ युरोप, ५ लॅटिन अमेरिका, ६ आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा भाग, ७ सोव्हिएत संघ, ८ पूर्व आशिया, ९ पश्चिम आणि दक्षिण आशिया. ज्या देशांत फोन जास्त होतील असा अंदाज होता, त्यांना दोन आकडी कोड मिळाले आणि बाकीच्यांना तीन आकडी. म्हणून भारत +९१, पाकिस्तान +९२ आणि श्रीलंका +९४, पण नेपाळ +९७७ आणि मालदीव +९६०.

या कोडांवर इतिहासाच्या खुणाही आहेत. पूर्व जर्मनीचा कोड +३७ होता. १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाल्या, तो कोड रिकामा झाला आणि त्याच्यापुढे एकेक आकडा लावून नव्या-जुन्या छोट्या देशांना वाटला गेला. लिथुआनिया +३७०, लाटव्हिया +३७१, एस्टोनिया +३७२ हे त्यातलेच. सोव्हिएत संघ फुटल्यावर बहुतेक देशांनी वेगळे कोड घेतले, पण कझाकस्तान रशियाबरोबर +७ वरच राहिला. त्यामुळे +७ नंतर ९ आला तर रशियन मोबाइल आणि ७ आला तर कझाकस्तान, असं पुढचा आकडा बघून ओळखावं लागतं.

या संघटनेनं लांबीवर एक कमाल मर्यादा घातली आहे. देशाच्या कोडासह पूर्ण नंबर जास्तीत जास्त १५ आकड्यांचा असू शकतो. या चौकटीत आपल्या घरचा नंबर किती लांब ठेवायचा, ते देश ठरवतो.

लांबी कशी ठरते?

आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. सात आकडी नंबरांतून कागदावर एक कोटी नंबर तयार होतात, ते त्या देशाला पुरून उरतात. सिंगापूर हे एकच शहर असल्यानं तिथे एरिया कोडची गरजच नाही. तिथे आठ आकडी नंबर असतात. ६ ने सुरू झाला तर लँडलाइन, ८ किंवा ९ ने सुरू झाला तर मोबाइल. चीनला मोठी लोकसंख्या सांभाळायची होती, म्हणून अकरा आकडे.

पण लांबी केवळ लोकसंख्येवर ठरत नाही. जर्मनीत तर एकाच देशात नंबरांची लांबी वेगवेगळी आहे. बर्लिनचा एरिया कोड ३०, म्युनिकचा ८९, तर छोट्या गावांचे कोड चार-पाच आकडी. जुन्या काळी एक्स्चेंज जसजशी वाढली, तसतसे नंबर लांबत गेले आणि सगळे एका मापाचे करण्याचा खटाटोप कुणी केला नाही. तिथे कंपन्या मूळ नंबराच्या शेवटी आणखी आकडे जोडून थेट एकेका टेबलावरचा फोनही देतात. त्यामुळे जर्मनीत शिकणाऱ्या मुलानं पाठवलेला नंबर मोजून ‘एक आकडा जास्त आहे, चुकला असेल’ असं म्हणता येत नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळीच आहे. तिथे १९४७ मध्ये ८६ एरिया कोड ठरवले गेले, तेव्हा फोनला फिरवायची तबकडी होती. २ फिरवला की दोन टिकटिक, ९ ला नऊ आणि ० ला दहा. म्हणून सर्वाधिक कॉल जिथे जात, त्या शहरांना चटकन फिरणारे आकडे दिले गेले. न्यूयॉर्कला २१२, लॉस एंजेलिसला २१३, शिकागोला ३१२. न्यूयॉर्कच्या कोडासाठी एकूण पाचच टिकटिक. नंतर अलास्काला मिळालेल्या ९०७ साठी तब्बल सव्वीस.

अमेरिकेत आणखी एक गोष्ट भारतीयांना चक्रावते. नंबर पाहून तो मोबाइल आहे की लँडलाइन, ते कळत नाही. कारण तिथे मोबाइलवर आलेल्या कॉलचे पैसे मोबाइलधारकच भरत असे. फोन करणाऱ्याला जादा खर्च नव्हता, म्हणून त्याला आधी सावध करायची गरज नव्हती. युरोपात मात्र मोबाइलला फोन करणं फोन करणाऱ्याला महाग पडे, म्हणून मोबाइलचा आरंभीचा आकडा वेगळा ठेवला गेला. ब्रिटनमध्ये ७ आणि इटलीत ३.

भारतात दहा आकडे पुरतात का?

आता आपला हिशेब पाहू. दहा आकडी नंबरात पहिला आकडा नक्की केला, की उरलेल्या नऊ आकड्यांतून १०० कोटी नंबर तयार होतात. भारतात १९९५ मध्ये मोबाइल सुरू झाला, तेव्हा ९ हा आकडा सोयीचा होता, कारण ९ ने सुरू होणारा एकही एसटीडी कोड देशात नाही. ९८ पासून सुरुवात झाली. पुढे ग्राहक वाढले तसे ८, ७ आणि ६ हेही मोबाइलला खुले झाले. ६ ते ९ असे चार आकडे म्हणजे कागदावर ४०० कोटी नंबर. देशातली फोन कनेक्शनं सुमारे १२० कोटी. मग अडचण कुठे आली?

ती कळण्यासाठी नागपूरचं उदाहरण घेऊ.

पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मराठवाडा आणि खानदेशातले एसटीडी कोड २ ने सुरू होतात. मुंबई २२, पुणे २०, कोल्हापूर २३१, नाशिक २५३. विदर्भातले मात्र मध्य प्रदेशाप्रमाणे ७ ने सुरू होतात. नागपूर ७१२, अमरावती ७२१, अकोला ७२४. भारतात एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहा आकडे होतात. त्यामुळे नागपूरचा २ ने सुरू होणारा सात आकडी लँडलाइन नंबर परगावाहून +९१ ७१२ २•• •••• असा दिसतो. पाहणाऱ्याला तो थेट ७ ने सुरू होणारा मोबाइल वाटतो, पण ती नागपुरातली लँडलाइन असते. एक्स्चेंज ७, मग १, मग २ वाचतं आणि पुढचा २ पाहून कॉल लँडलाइनकडे वळवतं. हे जमण्यासाठी ७१२२ ने सुरू होणारे दहा लाख नंबर मोबाइलला देता येत नाहीत.

असंच ठिकठिकाणी होतं. बंगळूरचा कोड ८०, गोव्याचा ८३२, पाटण्याचा ६१२. त्या प्रत्येकामागे काही लाखांची, कधी काही कोटींची पट्टी अडकते. उरलेले नंबर कंपन्यांना, तेही सर्कलनिहाय, गठ्ठ्यांनी द्यावे लागतात. एखाद्या गठ्ठ्यातले निम्मे नंबर विकले गेले नाहीत, तरी ते दुसऱ्या कंपनीला आपोआप मिळत नाहीत. बंद झालेला नंबरही लगेच दुसऱ्याला मिळत नाही, किमान ९० दिवस तो बाजूला ठेवला जातो. अशा रीतीनं कागदावरचे ४०० कोटी प्रत्यक्षात बरेच आकसतात.

याखेरीज आणखी एक अडचण होती. पुण्यातल्या एखाद्या लँडलाइनवरून कुणी ६ फिरवला, तर एक्स्चेंजनं काय समजायचं? ६ ने सुरू होणारा आठ आकडी स्थानिक लँडलाइन नंबर, की ६ ने सुरू होणारा दहा आकडी मोबाइल? दोन्ही शक्य असतील तर एक्स्चेंज अडखळतं. म्हणून असे संशयास्पद गट मोबाइलला देणं टाळलं जाई.

२०२० मधल्या त्या कागदात नेमकं हेच होतं. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २९ मे २०२० रोजी शिफारस केली की लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा. ० आला की पुढचा नंबर दहा आकडी आहे, हे एक्स्चेंजला आधीच कळतं आणि गोंधळ मिटतो. मोबाइलचे अकरा आकडे करणं हा पर्याय त्या कागदात चर्चेला होता. नंबराची सुरुवात ९ ने ठेवून अकरा आकडे केले, तर एकट्या ९ मधून १,००० कोटी नंबर मिळतात. पण ट्रायनं तो सुचवला नव्हता. अनेकांनी चर्चेतला पर्याय म्हणजेच शिफारस असं वाचलं आणि बातमी पसरली. शेवटी ट्रायलाच खुलासा करावा लागला. ० लावायचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि मोबाइल नंबर दहा आकडीच राहिला.

२०१८ मधल्या तेरा आकड्यांची कथाही अशीच. ते नंबर माणसांसाठी नव्हते. वीजमीटर, गाड्यांमधली ट्रॅकिंगची यंत्रं, कार्ड स्वाइप करायची मशीन, म्हणजे यंत्रानं यंत्राशी बोलण्यासाठी लागणाऱ्या सिमकार्डांना ते द्यायचे होते. वीजमीटरचा नंबर कुणी पाठ करत नाही, म्हणून तो लांब असला तरी बिघडत नाही. तेरा आकडे आणि देशाचा कोड ९१ मिळून बरोबर पंधरा होतात. आंतरराष्ट्रीय मर्यादेची जागा त्यात पूर्ण भरली.

पुढची पायरी लँडलाइनची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं शिफारस केली, की लँडलाइनवरून लँडलाइनला फोन करताना, अगदी त्याच गावात असला तरी, ० आणि एसटीडी कोड लावूनच नंबर फिरवावा. म्हणजे पुण्यातून पुण्यात फोन करतानाही ०२०. यात कुणाचाही नंबर बदलत नाही, फिरवण्याची पद्धत बदलते. या विषयावर पुन्हा ‘नंबर बदलणार’ असा मेसेज आला, तर आधी एवढंच पाहावं: नंबर बदलतोय, की त्याच्या आधी काहीतरी लावायचं आहे?

+९२ आणि ९२ मध्ये फरक काय?

नंबर वाचण्याची किल्ली म्हणजे पहिलं चिन्ह आणि एकूण आकडे. आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ होतो तो ९२ वरून.

९२ ने सुरू होणारा मिस्ड कॉल आला, की अनेकजण ‘पाकिस्तानचा नंबर आहे, उचलू नका’ असा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात. पण ९२ ने सुरू होणारे मोबाइल नंबर भारतात, महाराष्ट्रातही, वर्षानुवर्षं वापरात आहेत. फरक असा ओळखता येतो:

- ९२•• •••••• असे एकूण दहा आकडे असतील आणि पुढे अधिक चिन्ह नसेल, तर तो भारतातला मोबाइल नंबर.
- +९१ ९२•• •••••• असा असेल, तर तोच नंबर देशाच्या कोडासह.
- +९२ ३•• ••••••• असा असेल, तर पाकिस्तानी मोबाइल. तिथले मोबाइल नंबर देशाच्या कोडानंतर ३ ने सुरू होतात आणि कोडासह एकूण बारा आकडे होतात.

अधिक चिन्हाचा अर्थ ‘यापुढे देशाचा कोड येतोय’ एवढाच आहे. परदेशी फोन करण्यासाठी भारतात ००, अमेरिकेत ०११, जपानमध्ये ०१० असे वेगवेगळे आकडे फिरवावे लागतात. मोबाइलमध्ये अधिक चिन्ह टाकलं, की त्या त्या देशाचं नेटवर्क आपापला आकडा स्वतः लावतं. म्हणून ‘००९२’ आणि ‘+९२’ एकच, पण ‘९२’ वेगळं.

असाच घोळ १४० बाबत होतो. भारतात जाहिरातीचे कॉल करणाऱ्यांना १४० ने सुरू होणारी मालिका दिलेली आहे. १४०८ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर दिसला, तर तो जाहिरातीचा. पण +१ ४०८ नंतर सात आकडे, म्हणजे एकूण अकरा आकडे दिसले, तर तो कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे भागाचा एरिया कोड. तिकडे नोकरीला असलेल्या भाच्याचा फोन जाहिरात समजून कापला जाऊ शकतो. सुरुवात सारखीच दिसते, उत्तर मोजणीत असतं.

+१ म्हणजे अमेरिकाच, हाही समज अपुरा आहे. हा कोड अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियन बेटांवरचे अनेक देश मिळून वापरतात. पुढचे तीन आकडे ८७६ असतील तर तो जमैका, ४७३ असतील तर ग्रेनाडा. एक रिंग देऊन कॉल कापायचा, समोरच्यानं उत्सुकतेनं परत फोन केला की त्याला महागड्या दराचं बिल लागायचं, ही जुनी फसवणूक अशाच नंबरांवरून चाले. तो नंबर देशातलाच आहे, असं अमेरिकेतल्या माणसाला वाटे.

शून्य कधी काढायचं, कधी ठेवायचं?

परदेशातल्या नातेवाइकाचा नंबर सेव्ह केला आणि लागतच नाही, याचं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे शून्य.

ब्रिटनमधली मुलगी आपला नंबर ०७ ने सुरू होणारा सांगते. हे ० म्हणजे आपल्या एसटीडीच्या शून्यासारखं, देशातल्या देशात फिरवायचं. देशाचा कोड लावला की ते गळून पडतं. म्हणून +४४ ०७ हे चूक आणि +४४ ७ हे बरोबर. दुबईचा ०५ ने सुरू होणारा मोबाइल +९७१ ५ असा सेव्ह करायचा. रशियात शून्याऐवजी ८ वापरतात, तोही तसाच काढायचा.

इटली मात्र अपवाद आहे. तिथे १९९८ मध्ये शून्य हा नंबराचाच भाग करण्यात आला. रोमची लँडलाइन परदेशातून फिरवतानाही +३९ ०६ अशीच फिरवावी लागते. तिथलं शून्य काढलं तर फोन लागत नाही. पण इटलीतले मोबाइल ३ ने सुरू होतात, त्यांना शून्य नसतंच. डेन्मार्क, सिंगापूर यांसारख्या देशांत एरिया कोडच नाही, त्यामुळे काढायला शून्यही नाही.

नंबर काय सांगत नाही?

इथवरच्या सगळ्यातून नंबर कुठल्या योजनेतला आहे, ते कळतं. फोन करणारा माणूस कुठे बसलाय, ते कळत नाही. हा फरक विसरला की फसगत होते.

पहिली गोष्ट, भारतात नंबर न बदलता कंपनी बदलता येते आणि जुलै २०१५ पासून ही सोय देशभर आहे. त्यामुळे नंबराच्या पहिल्या चार-पाच आकड्यांवरून ॲप ‘महाराष्ट्र आणि गोवा’ असं दाखवतं, ते तो नंबर मुळात कोणत्या सर्कलला दिला गेला होता एवढंच. तो माणूस आज कोलकात्यात असू शकतो.

दुसरी, व्हॉट्सॲपवरचा नंबर. २०२३ च्या मे महिन्यात +८४, +६२, +२५४, +२५१ अशा कोडांवरून भारतीयांना व्हॉट्सॲप कॉलचा मारा झाला. हे अनुक्रमे व्हिएतनाम, इंडोनेशिया, केनिया आणि इथिओपियाचे कोड. पण व्हॉट्सॲपला फक्त एकदा त्या नंबरावर आलेला कोड लागतो. त्यानंतर फोन करणारा जगात कुठेही असू शकतो. त्यामुळे कोड पाहून त्या देशातल्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिथे आपलं कुणी नसेल तर कॉल न घेणं एवढं मात्र शहाणपणाचं.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची. साध्या कॉलमध्ये स्क्रीनवर दिसणारा नंबर बनावट असू शकतो. परदेशातून आलेला कॉल इंटरनेटमार्गे +९१ चा नंबर दाखवू शकतो. ‘डिजिटल अरेस्ट’च्या अनेक प्रकरणांत हीच युक्ती वापरली गेली. असे कॉल परदेशातून देशात शिरतानाच ओळखून अडवण्याची यंत्रणा दूरसंचार विभागानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. तिचं तत्त्वही साधंच आहे: परदेशी वाटेनं आलेल्या कॉलवर भारतीय नंबर दिसत असेल, तर तो तपासला पाहिजे. ही गाळणी लागल्यावर फसवणाऱ्यांना खरा परदेशी कोड दाखवणं किंवा भारतातलंच सिम मिळवणं भाग पडतं.

म्हणूनच सरकारनं बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी दहा आकडी मालिका वेगळी काढली आहे. जाहिरातीसाठी १४०, व्यवहारासाठी १६००. दोन्ही १ ने सुरू होतात आणि सर्वसामान्य ग्राहकाचा मोबाइल नंबर १ ने सुरू होत नाही. नंबराच्या पहिल्या आकड्यांतून अर्थ सांगण्याची जुनी युक्ती इथे फसवणूक रोखण्यासाठी वापरली गेली आहे.

तेव्हा अनोळखी नंबर आला, की डावीकडून वाचावा. अधिक चिन्ह आहे का? असेल तर देशाचा कोड कोणता आणि त्यापुढचा पहिला आकडा कोणता? नसेल तर एकूण आकडे किती? ६ ते ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर बहुधा मोबाइल, पण ७१२२ किंवा ८०४ सारखी सुरुवात असेल तर ती नागपूरची किंवा बंगळूरची लँडलाइन. आणि ‘बँकेतून बोलतोय’ असं म्हणणाऱ्याचा नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा साधा मोबाइल असेल, तर फोन ठेवून बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरावर आपणच फोन करावा.